ठरावीक पेन्शनमध्ये औषधपाणी आणि सण कसे बसवायचे

प्रश्न: पेन्शन महिना ३५,००० रुपये आहे आणि ती वाढणारी नाही. आम्ही दोघंच राहतो. एरवी भागतं, पण सणाचा महिना आला किंवा दवाखान्याचं काही निघालं की एफडी मोडावी लागते. औषधांचा खर्च तर दरवर्षी वाढतोच आहे. महिन्याचं बजेट नेमकं कसं मांडावं? औषधांना किती आणि सणांना किती बाजूला काढावं?

उत्तर:

"एरवी भागतं" हे तुमचे शब्द मी बहुतेक निवृत्त जोडप्यांकडून ऐकतो, आणि घोळ तिथेच असतो. एरवीच्या महिन्यात भागतं, कारण त्या महिन्यात विम्याचा हप्ता नसतो, तपासण्या नसतात, सण नसतो. हे खर्च अचानक आलेले नसतात. त्यांचा महिना ठरलेला असतो, फक्त त्यांची तरतूद आधीच्या महिन्यांत झालेली नसते. म्हणून बजेट महिन्यापासून सुरू करू नका. आधी वर्षाचा खर्च मांडा, मग त्याला बारांनी भागा.

त्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. न वाढणारी पेन्शन म्हणजे हातात येणारी रक्कम तीच, पण तिची खरेदीची ताकद दरवर्षी घटणारी. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेला, तर साधारण १२ वर्षांत तो दुप्पट होतो. १० टक्क्यांनी वाढला, तर ७ वर्षांच्या थोडं पुढे. त्यामुळे आज हातात येणारे ३५,००० हे सगळेच्या सगळे आजचे नाहीत. त्यातला काही भाग चौथ्या-पाचव्या वर्षाचा आहे आणि तो आजच बाजूला पडला पाहिजे. किती, हे काढायची एक सोपी रीत आहे. तुमच्याइतकीच पेन्शन असलेल्या एका जोडप्याचा हिशोब घेऊन ती दाखवतो.

दोघंही सत्तरीच्या आतले. ८ लाखांची एफडी. घर स्वतःचं, कर्ज नाही. त्यांच्या मते घरखर्च २३,००० आणि औषधं ४,२००, म्हणजे महिन्याला ७,८०० शिल्लक पडायला हवी होती. ती कधीच दिसत नव्हती. बारा महिन्यांचं पासबुक आणि केमिस्टची बिलं समोर घेऊन बसल्यावर चित्र वेगळं निघालं. औषधं ४,२०० हे बरोबर होतं, वर्षाचे ५०,४००. पण डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, डोळे, दात, चष्मा मिळून वर्षाला २०,००० जात होते आणि आरोग्य विम्याचा हप्ता ४६,००० होता. बेरीज १,१६,४००. म्हणजे त्यांचं खरं औषधपाणी महिन्याला ४,२०० नव्हे, ९,७०० होतं. सणांचे वर्षाचे ४२,००० निघाले, महिन्याला ३,५००. घरखर्च धरून एकूण ३६,२००. पेन्शन ३५,०००. महिन्याला १,२०० ची तूट, वर्षाची १४,४००. एफडी मोडण्याचं कारण एवढंच होतं.

तुम्हीही हीच बेरीज आधी करा. बारा महिने म्हणजे बाराच. सहा महिन्यांचे आकडे दुप्पट करून चालत नाही, कारण विमा आणि मोठा सण वर्षातून एकदाच येतात. पासबुकात एटीएममधून काढलेली रोख ही मोठी पोकळी असते. तिचा हिशोब आठवत नसेल तर ती सरळ घरखर्चात धरा, कमी धरू नका. घरपट्टी, दुरुस्ती, गाडीचा विमा असे वर्षातून एकदा येणारे बाकीचे खर्चही बारांनी भागून घरखर्चातच घाला.

आता औषधपाण्याबद्दल, कारण खरी चावी तिथे आहे. याचे तीन भाग वेगळे ठेवा, कारण तिघांची वाढ वेगवेगळ्या पद्धतीने होते. रोजच्या गोळ्या हळूहळू महाग होतात आणि अधूनमधून एखादी नवी गोळी जोडली गेली की एकदम पायरी चढतात. तपासण्या आणि फी यांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. विम्याचा हप्ता मात्र वयाच्या टप्प्यानुसार उडी मारतो. काही वर्षं थोडा थोडा वाढतो आणि पुढच्या वयोगटात गेलात की एकदम चढतो. तुमच्या पॉलिसीचा वयोगटानुसार दरतक्ता कंपनीकडून मागून घ्या आणि पुढचा टप्पा कोणत्या वर्षी येतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वाढ धरण्याआधी आजचा आकडा खरा आहे का ते तपासा. मी प्रत्येकाला सांगतो की घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा आणि तुमच्या एकाच फिजिशियनसमोर ओता. वर सांगितलेल्या जोडप्यात काकूंना दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी दिलेल्या आम्लपित्ताच्या दोन गोळ्या चालू होत्या. ब्रँडची नावं वेगळी, रंग वेगळे, पण स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेला घटक एकच. डॉक्टरांनी एक बंद केली, आणखी तीन औषधांच्या जागी त्याच घटकाची जेनेरिक लिहून दिली. ४,२०० चे ३,००० झाले. हे स्वतःच्या मनाने करायचं नाही, विशेषतः थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं. त्यांत ब्रँड बदलला तरी डॉक्टरांना विचारूनच. आणि सवलत मिळते म्हणून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवू नका, निदान डोस अजून बदलतो आहे तोवर तरी. कपाटातल्या अर्ध्या स्ट्रिप्स हा कुठल्याच हिशोबात न दिसणारा खर्च असतो.

विम्याच्या बाबतीत त्यांनी डिडक्टिबलचा पर्याय घेतला. म्हणजे वर्षात पहिल्या ५०,००० पर्यंतचं हॉस्पिटलचं बिल स्वतः भरायचं, त्यापुढचं कंपनीने. हप्ता ४६,००० वरून ३४,००० वर आला. हा पर्याय ज्याच्याकडे ते ५०,००० खरोखर वेगळे पडून आहेत त्यालाच शोभतो. त्यांनी एफडीतले तेवढे पैसे वेगळ्या पावतीवर केले आणि त्या पावतीवर "हॉस्पिटल" असं लिहून ठेवलं. तुमच्याकडे अशी रक्कम बाजूला नसेल तर हप्ता कमी करण्याच्या फंदात पडू नका. बदल करायचा तर पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी, आणि आधी लेखी विचारा की जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी कायम राहील ना. हप्ता भरायची तारीख चुकून पॉलिसी बंद पडली तर या वयात नवी मिळणं अवघड, आणि मिळाली तरी प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

तर गोळ्यांचे वर्षाला ३६,०००, तपासण्या आणि फीचे २०,०००, हप्ता ३४,०००. एकूण ९०,०००, महिन्याला ७,५००. आता वाढ. औषधपाण्याला मी वर्षाला १० टक्के वाढ धरतो. हा भविष्याचा दाखला नव्हे, काम चालवण्यापुरता आकडा आहे. तुमची मागच्या तीन वर्षांची बिलं यापेक्षा जास्त वाढ दाखवत असतील तर तीच धरा. पहिल्या वर्षी ९०,००० असलेला खर्च १० टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षी १,३१,८०० च्या आसपास जातो. पाचही वर्षांची बेरीज करून साठ महिन्यांनी भागली तर महिन्याला साधारण ९,१५० येतात. एवढी आकडेमोड नको असेल तर फक्त तिसऱ्या वर्षाचा आकडा काढा. आजच्या खर्चाला दोनदा १.१० ने गुणा: ९०,००० चे ९९,०००, त्याचे १,०८,९००. बारांनी भागून ९,०७५. जवळजवळ तोच आकडा. म्हणून माझा नियम असा की आज खर्च ७,५०० असला तरी औषधपाण्याच्या खात्यात पहिल्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षाची रक्कम, म्हणजे ९,१०० टाकायची.

घरखर्चालाही तेच. या जोडप्याचे २३,००० खाली आणताना जेवणाखाण्याला आम्ही हात लावला नाही. कमावत्या मुलाच्या फोनचं आणि इंटरनेटचं बिल वर्षानुवर्षं यांच्याच खात्यातून आपोआप कापलं जात होतं. कुणी न पाहणारे टीव्हीचे पॅक होते, वापरात नसलेला दुसरा फोन होता. हे सगळं थांबवल्यावर ३,००० सुटले आणि घरखर्च २०,००० झाला. त्याला ६ टक्के वाढ धरली, तर तिसऱ्या वर्षाचा आकडा साधारण २२,५००.

सणांचा विचार वेगळा करावा लागतो. औषधाचा खर्च आपल्या हातात नसतो, सणाचा असतो. म्हणून न वाढणाऱ्या पेन्शनमध्ये सणांची रक्कम मी गोठवायला सांगतो. एकदा ठरली की पुढच्या वर्षीही तेवढीच. हे कठोर वाटतं, पण कुठला तरी एक रकाना स्थिर राहिल्याशिवाय औषधाच्या वाढीला जागाच होत नाही. सणाचा आनंद कमी करा असं मी म्हणत नाही. त्यातलं काय आपल्याला हवं आहे आणि काय नुसतं चालत आलं आहे, हे एकदा बघा म्हणतो.

ते बघायचं तर यादी सणावार करू नका, माणसावार करा. सणावार यादी केली की प्रत्येक सणाचा खर्च वाजवीच वाटतो. माणसावार केली की कळतं, एकाच घरात वर्षातून चार वेळा भेटवस्तू जातात आणि तितक्याच परत येतात. या जोडप्याच्या ४२,००० पैकी २४,००० देण्याघेण्याचे होते आणि १८,००० घरचे: पाहुणे, पूजा, कपडे, फराळपाणी. त्यांनी भावंडांशी सरळ बोलून मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचं नाही असं ठरवलं, लहानांचं तसंच ठेवलं. देण्याघेण्याचे १२,००० वाचले. भावंडांपैकी दोघं स्वतःही पेन्शनवर होती. त्यांना हे आधीच हवं होतं, पण बोलायला कुणी धजत नव्हतं. घरचे १८,००० तसेच राहिले. एकूण ३०,०००, महिन्याला २,५००. घरकामाला येणाऱ्या बाईंची सणाची रक्कम यातच धरा आणि ती कापू नका.

सणांचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा, घरखर्चाच्या खात्यात मुळीच नको. पहिल्या वर्षी एक अडचण हमखास येते. तुम्ही आज सुरुवात केलीत आणि मोठा सण चार महिन्यांवर असेल तर तोवर जमतील १०,०००. मधल्या लहान सणांना २,००० गेले की उरतील ८,०००. मोठ्या सणाला हवेत १६,०००. म्हणजे ८,००० कमी. इथे लोक म्हणतात, बजेट फसलं. बजेट फसलेलं नसतं, सुरुवात वर्षाच्या मध्येच झालेली असते. ते ८,००० एकदाच बचतीतून टाका. पुढच्या वर्षीपासून मोठ्या सणानंतर खातं रिकामं होईल, पण उणे जाणार नाही. विम्याच्या हप्त्यालाही हीच तपासणी करा: हप्त्याच्या महिन्यापर्यंत औषधपाण्याच्या खात्यात तेवढी रक्कम जमते का? जमत नसेल तर फरक सुरुवातीलाच एकदा टाकून मोकळे व्हा.

आता मांडणी पूर्ण होते. घरखर्च २२,५००, औषधपाणी ९,१००, सण २,५००, एकूण ३४,१००. पेन्शनमधून ९०० उरतात, ते किरकोळ चुकांसाठी. प्रत्यक्ष खर्च मात्र पहिल्या वर्षी ३०,००० च्या आसपासच असतो, म्हणजे महिन्याला ५,००० साठतात. दुसऱ्या वर्षी साधारण ३,००० साठतात, तिसऱ्या वर्षी हजारही नाही. चौथ्या वर्षी खर्च पेन्शनच्या पुढे जातो आणि साठवणीतून महिन्याला १,३०० काढावे लागतात, पाचव्या वर्षी ३,७००. पाच वर्षं संपताना साठवणीत सुमारे ४७,००० उरलेले असतात आणि एफडीला हात लागलेला नसतो.

ही मांडणी मोडते ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच, आणि कारण एकच असतं. औषधपाण्याच्या खात्यात वर्षअखेर १९,००० जास्त दिसतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, एवढे पडून आहेत तर टीव्ही बदलून टाकू. ते पडून नाहीत, ते पाचव्या वर्षीच्या गोळ्यांचे आहेत. म्हणून पेन्शन जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिन्ही रकमा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने आपापल्या खात्यात जाऊ द्या. औषधपाण्याच्या खात्याला डेबिट कार्ड घेऊच नका, केमिस्टचे पैसे महिन्यातून एकदा त्यातून वळते करा. घरखर्चाची साठवणही चालू खात्यात न ठेवता दर तिमाहीला छोट्या मुदतठेवीत टाका. नजरेसमोर राहिली की ती खर्च होते.

दर तीन महिन्यांनी एकच तपासणी पुरे: औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च आणि धरलेला खर्च. पहिल्या वर्षी तिमाहीला सरासरी २२,५०० धरले आहेत, विम्याचा हप्ता चार भागांत वाटून. सलग दोन तिमाहींत खर्च यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त गेला तर एखादं तात्पुरतं दुखणं नाही, पायरी चढली आहे. मग नवा खर्च आधार धरून पुन्हा दोनदा १.१० ने गुणा. समजा महिन्याला ८०० ची एक गोळी कायमची लागली, तर खात्यात ८०० नव्हे, सुमारे ९७० जास्त टाकावे लागतील. ते कुठून आणायचे याचा क्रमही आधीच ठरवून ठेवा. या जोडप्याने तो असा ठरवला आहे: आधी किरकोळचे ९००, मग सणातलं घरचं, शेवटी घरखर्च. विम्याचा हप्ता यादीत नाहीच.

सहाव्या वर्षाचंही सांगतो, कारण तिथे हिशोब लपवून चालणार नाही. याच वाढीने सहाव्या वर्षी महिन्याला ६,३०० च्या आसपास तूट येते, वर्षाची सुमारे ७६,०००. ती पेन्शनमधून भरून निघत नाही, कितीही काटकसर केली तरी. ती भरायची आहे एफडीने. ८ लाखांचं व्याज पाच वर्षं न काढता साडेसहा टक्क्यांनी त्यातच वाढू दिलं तर जवळपास ११ लाख होतात आणि त्यावरचं व्याज वर्षाला ७१,००० च्या घरात येतं. तूट आणि व्याज साधारण जुळतात, उरलेला फरक साठवणीतून निघतो. व्याजावर कर लागत असेल किंवा हॉस्पिटलचे ५०,००० मध्येच वापरावे लागले तर हे गणित तेवढं आक्रसतं. सातव्या-आठव्या वर्षापासून मुद्दलही थोडं थोडं वापरावं लागेल, त्यासाठीच ते जमवलेलं असतं. सणासाठी आज मोडलेली एफडी म्हणून महाग पडते. तिच्याबरोबर सहाव्या वर्षीचं व्याजही जातं.

शेवटचं एक काम या आठवड्यातच करा. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या की पेन्शनधारकाच्या पश्चात जोडीदाराला किती मिळेल. अनेक पेन्शनमध्ये ती रक्कम बरीच कमी असते, काहींत काहीच नसते. मग तोच तक्ता त्या रकमेवर पुन्हा मांडा. एका माणसाचा खर्च निम्मा होत नाही. वीज, देखभाल, घरपट्टी तेवढीच राहते, औषधं आणि हप्ता तेवढे कमी होतात. या जोडप्याने तो तक्ता मांडला तेव्हा दिसलं की काकूंच्या वाट्याला येणारी पेन्शन घरखर्चालाही पुरत नाही. त्यांनी एफडीवर दोघांचं नाव "दोघांपैकी कुणीही किंवा हयात" असं लावून घेतलं, औषधपाण्याच्या खात्यावरही. आणि पाच वर्षांत व्याजाला हात न लावण्याचा निर्णय काकांपेक्षा काकूच जास्त कसोशीने पाळत आहेत.